गुर्जी, टाय मांगं पडते

भजनी मंडळाची वही माझ्याकडं आली ती दिवाळीनंतर, कापूस वेचणीच्या ऐन गडबडीत. बुवा स्वतः घेऊन आले. जुन्या हिशेबाची जाड वही, पाठीला कापडाची पट्टी, आत निळ्या शाईचं वळणदार अक्षर. त्यांच्या वडिलांनी उतरवून काढलेली. माघात प्रकटदिनाचा सप्ताह, तोवर या वहीचं चौसष्ट पानी पुस्तक छापायचं, पाचशे प्रती काढायच्या, असं मंडळानं ठरवलं होतं. हरिपाठ, काकड्याचे निवडक अभंग, पसायदान, आरत्या, आणि शेवटच्या दोन पानांवर गावातल्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या. "तेवढं शुद्धलेखन पाहून द्या जी गुर्जी," म्हणाले आणि चहा न घेताच गेले. वेचणीवाल्या बाया वावरात थांबल्या होत्या.

जिल्हा परिषदेच्या शाळेत मी तीस वर्षं मराठी शिकवलं. लाल पेन हाती आलं की मला दुसरं काही सुचत नाही. तीन संध्याकाळी बसलो आणि वही धुऊन काढली. 'देवाचिये' दिसलं की 'देवाच्या', 'आपुले' दिसलं की 'आपले', 'ठेवोनिया'चं 'ठेवून', 'साधियेल्या'चं 'साधल्या'. वर न उच्चारले जाणारे अनुस्वार खोडले, 'हरि'चं 'हरी' केलं, 'साधु'चं 'साधू'. वही तालुक्याला भाच्याकडं पाठवली. त्याचं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. आठ दिवसांत पहिलं प्रूफ आलं आणि मी ते मोठ्या ऐटीत घेऊन मंदिरात गेलो.

रात्री नऊला हरिपाठ उभा राहिला. बुवांनी चष्मा लावून प्रूफावरून पहिली ओळ उचलली आणि दुसऱ्याच टाळीला थांबले. पुन्हा उचलली, पुन्हा थांबले. मृदंगवाला पोरगा हसायला लागला. तिसऱ्यांदा बुवांनी टाळ खाली ठेवले.

"गुर्जी, हे काय केलं जी तुमी? टाय मांगं पडते."

मी म्हटलं, अहो, 'देवाचिये' आता कोण म्हणतं? अर्थ तोच आहे. बुवा म्हणाले, "अर्थ तोच हाये, पन एक अक्षर कुठी गेलं?" आणि डाव्या हाताच्या पेरांवर अंगठा सरकवत त्यांनी मोजायला सुरुवात केली. मूळ ओळ अशी:

देवाचिये द्वारीं । उभा क्षणभरी ।
तेणें मुक्ति चारी । साधियेल्या ॥

दे-वा-चि-ये-द्वा-रीं, सहा. उ-भा-क्ष-ण-भ-री, सहा. ते-णें-मु-क्ति-चा-री, सहा. सा-धि-ये-ल्या, चार. मोठ्या अभंगाचा साचाच हा, सहा-सहा-सहा-चार, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक. आता माझी 'शुद्ध' ओळ: 'देवाच्या दारी' म्हणजे पाच, शेवटी 'साधल्या' म्हणजे तीन. बावीस अक्षरांची ओळ मी वीसवर आणली होती, आणि ज्या दोन जागा मी रिकाम्या केल्या नेमक्या तिथंच टाळ पडत होता. हा अभंग मी वर्गात पंचवीस वेळा तरी शिकवला असेन. 'अभंग हा अक्षरछंद आहे' हे वाक्य फळ्यावर लिहूनही दिलं होतं. मोजलं कधीच नव्हतं.

घरी आलो आणि वहीच्या सुरुवातीपासून मोजायला बसलो. प्रत्येक चरणानंतर पेन्सिलीनं उभी रेघ, समासात आकडा. मोजायची रीत सोपी आहे: जोडाक्षर एकच धरायचं, त्यामुळं 'म्हणे' दोन आणि 'क्षण' दोन. अनुस्वाराला वेगळा आकडा नाही. ह्रस्व असो की दीर्घ, अक्षर एकच. मोजता मोजता एक गंमत ध्यानात आली. ज्या ह्रस्व-दीर्घासाठी मी आयुष्यभर पोरांचे कान पिळले, त्याचा अभंगाच्या छंदाशी काही संबंध नाही. 'हरि' लिहा की 'हरी', दोनच. अभंग मोडला होता तो मी सहज, विचार न करता केलेल्या बदलांनी, जुना शब्द काढून आजचा घातला तिथं.

धाकट्या अभंगात हे आणखी उघडं दिसतं, कारण तिथं आठ-आठ अक्षरांचे दोनच चरण.

जे का रंजले गांजले । त्यासी म्हणे जो आपुले ॥
तोचि साधु ओळखावा । देव तेथेंचि जाणावा ॥

चारही चरण चोख आठ. 'तेथेंचि'चं 'तिथे' केलं की चौथा चरण सातवर येतो. यमक मात्र शाबूत राहतं, 'ओळखावा-जाणावा', म्हणून डोळ्याला काही खटकत नाही. वाचून हे सापडत नाही, एक तर गावं लागतं नाही तर मोजावं लागतं. त्या रात्री अशा एकतीस ओळी सापडल्या, सगळ्या माझ्या हातच्या. जवळजवळ सगळ्या ठरावीक जागी मोडल्या होत्या: 'चिया', 'चिये' ही षष्ठीची रूपं, 'साधियेल्या'सारख्या शब्दांतला मधला 'ये', 'ओनिया' हा शेवट, आणि मी गाळलेला, जोर देणारा 'चि'. जुन्या मराठीची ही जास्तीची अक्षरं आजच्या कानाला फुगवटा वाटतात. चरण भरतो तो त्यांच्यावरच.

दुसऱ्या दिवशी मूळ रूपं परत घातली आणि वाटलं, झालं काम. बुवांना दाखवलं. त्यांनी 'असोनि संसारीं जिव्हे वेगु करी' या ओळीवर बोट ठेवलं. मी 'वेग' करून ठेवलं होतं. मोजून पाहिलं, सहाच्या सहा. "मंग 'वेगु' कायले ठेवायचा?" असं मीच त्यांना विचारलं. ते म्हणाले, "थ्यांच्या तोंडचा शब्द हाये म्हून." मला व्याकरण माहीत होतं, त्यांना नव्हतं, पण उत्तर त्यांचंच बरोबर होतं. जुन्या मराठीत अकारान्त पुल्लिंगी नामाची प्रथमा उकारान्त होई: वेगु, देवु, रंगु. ती त्या काळच्या भाषेची विभक्ती आहे. मोजणी तिला वाचवत नाही, कारण आकडा तोच राहतो. म्हणजे मोजून जी ओळ बरोबर येते तीही बिघडलेली असू शकते.

अनुस्वारांचंही तसंच. 'हरि मुखें म्हणा' यात 'मुखें' म्हणजे मुखानं, ती तृतीया आहे. टिंब काढलं की 'मुखे' उरतं आणि आजचा वाचक त्याचं अनेकवचन करतो. 'द्वारकेचा राणा पांडवां घरीं' यातलं टिंब सांगतं की घर पांडवांचं आहे. 'पांडवा घरी' छापलं तर कुणी तरी एका पांडवाला हाक मारतोय असं वाटेल. आजच्या भाषेत विभक्तीचे प्रत्यय अख्खे असतात, म्हणून अनुच्चारित अनुस्वाराची गरज उरली नाही. जुन्या ओळीत अनेकदा ते टिंब हाच प्रत्यय असतो.

मी शाळेत ज्या नियमांवर बोट ठेवून गुण कापत होतो, ते मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम काढून पुन्हा वाचले. १९६२ चे चौदा आणि १९७२ मध्ये वाढवलेले चार. त्यांतच लिहिलेलं आहे की केशवसुतांच्या आधीचं पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या आधीचं गद्य छापताना मुळानुसार छापावं. हे वाक्य माझ्या नजरेखालून कैकदा गेलं असणार, कारण पुस्तिका माझ्या टेबलाच्या खणात होती. परीक्षेत त्याच्यावर प्रश्न येत नाही, एवढंच.

नियम उलटाही लागू होतो. वहीत राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची दोन भजनं होती. ते १९०९ ते १९६८ या काळातले, आपल्या अमरावती जिल्ह्यातले, केशवसुतांच्या नंतरचे. तिथं कुणा उत्साही माणसानं जुनाट वाटावं म्हणून वरून टिंबं पेरली होती. ती मी बिनधास्त काढली. जुनं दिसतं ते सगळं मूळच असतं असं नाही.

मोजणीवर माझा इतका विश्वास बसला की मी दुसऱ्या खड्ड्यात पडायच्या बेतात होतो. 'सुंदर ते ध्यान उभे विटेवरी' मोजलं: सहा, सहा, मग 'कर कटावरी' सहा, 'ठेवोनिया' चार. सुरेख. पुढच्या ओळीत 'तुळसीहार गळां'. तु-ळ-सी-हा-र-ग-ळां, सात! त्याच ओळीत 'आवडे निरंतर', तेही सात. माझं पेन वर गेलंच होतं. 'निरंतर' ऐवजी काय बसेल याचा विचारही करून झाला. पण मग बुवांना म्हणायला लावलं. त्यांनी 'निरंतर' मधलं 'रं' धरून 'तर' एका झटक्यात गिळलं आणि टाळ जिथल्या तिथं पडला. संतांनी पेरावर मोजून अभंग रचले नव्हते, म्हणताना रचले. एक अक्षर जास्त झालं तर गळा ते सामावून घेतो. एक कमी झालं की मात्र गळ्याला ओढाताण करावी लागते. म्हणून पुढं मी असं ठरवलं की आकडा चुकला तर फक्त समासात प्रश्नचिन्ह टाकायचं. मग ती ओळ गाथेच्या दोन वेगवेगळ्या छापील प्रतींत पाहायची, एक माझी, एक बुवांच्या देव्हाऱ्यातली. दोन्हींत तसंच असेल तर हात लावायचा नाही. दोन्हींत वेगळं असेल तर वहीतलं चुकलं असं धरायचं. दोन प्रती आपसांत जुळत नसतील तर बुवा गातात तो पाठ ठेवायचा.

पसायदानाला पोचलो तर मोजणीचा उपयोगच संपला. 'आतां विश्वात्मकें देवें' आठ, 'येणें वाग्यज्ञें तोषावें' आठ, 'तोषोनि मज द्यावें' सात, 'पसायदान हें' सहा. तिसरी ओवी पाहावी तर नऊ-नऊ-नऊ-चार. ग्रंथातली ओवी साडेतीन चरणांची, पण चरणात किती अक्षरं याचं बंधन सैल. तिथं राखण यमक करतं: पहिले तीन चरण यमकात बांधलेले, चौथा आखूड आणि मोकळा.

दुरितांचें तिमिर जावो । विश्व स्वधर्मसूर्यें पाहो ।
जो जें वांछील तो तें लाहो । प्राणिजात ॥

माझ्या प्रूफात 'लाहो'चं 'लाभो' झालं होतं. अर्थ बरोबर, पण जावो-पाहो-लाहो ही माळ तुटली. हे यमकानं पकडून दिलं. दुसरी चूक यमकालाही सापडली नसती: मी 'सूर्यें' वरचं टिंब आणि मात्रा दोन्ही काढून 'सूर्य पाहो' केलं होतं, विश्वानं सूर्य पाहावा असं समजून. बुवा म्हणाले, "पाहो म्हंजे डोयानं पाहनं नाई गुर्जी. उजाडनं. सूर्यानं जग उजाडू दे." शब्दकोश काढला. जुन्या मराठीत 'पाहणे' म्हणजे उजाडणे, हाही अर्थ आहे. सूर्यें, म्हणजे सूर्यानं. एक मात्रा आणि एक टिंब गेलं की विश्व नुसतं बघत उभं राहतं.

मनाच्या श्लोकांत तर याहून कडक प्रकार आहे, कारण भुजंगप्रयातात लघु-गुरू मोजतात. 'मना सज्जना भक्तिपंथेंचि जावें' यात 'भक्ति'चं 'भक्ती' केलं की तिथंच ठेच. वहीत ते नव्हते, म्हणून सुटलो.

मग वहीत दुरुस्त करण्यासारखं काहीच नव्हतं का? होतं की, भरपूर. बुवांच्या वडिलांनी ऐकून लिहिलं होतं आणि कान वऱ्हाडी. 'म्हणा'चं 'म्हना', 'कोण'चं 'कोन', 'गळा'चं 'गया', 'तुळसी'चं 'तुयसी'. आमच्याकडं ळ चा य होतो आणि ण चा न. 'टाय' आणि 'डोया' बोलणारी माणसं आम्ही. पण तुकोबा इकडचे नव्हेत. 'गया' ही लिहिणाऱ्याची चूक, कवीची नव्हे. ती निर्धास्त दुरुस्त केली. बुवांना याचं थोडं वाईट वाटलं, वडिलांचं अक्षर होतं ना. त्यांना म्हटलं, नाथांनीही हेच केलं. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती उतरवणाऱ्यांनी घातलेली भर आणि चुका काढण्यासाठीच. बुवा हसले आणि पुढचं त्यांनीच म्हटलं, "ज्ञानेश्वरीपाठीं जो ओंवी करील मऱ्हाटी, तेणें अमृताचे ताटीं जाण नरोटी ठेविली." अमृताच्या ताटात नारळाची करवंटी. मग प्रूफाकडं बोट दाखवून, "तुमी तं एकतीस नरोट्या ठुल्या होत्या जी."

शेवटची दोन पानं जात्यावरच्या ओव्यांची. इथं 'म्हना'चं 'म्हणा' करत गेलो आणि या ओवीपाशी अडलो:

पयली माही ओवी इठ्ठलाच्या पाया
पंढरीच्या वाटंवर ठेवला म्या डोया

'डोया'चं 'डोळा' केलं की 'पाया'शी असलेलं यमक गेलं. ही ओवी रचणारी बाई वऱ्हाडीच बोलत होती, म्हणजे इथं वऱ्हाडी हेच मूळ. तीच दोन अक्षरं अभंगात चूक आणि ओवीत बरोबर. दोन्ही पानांवरच्या माझ्या सगळ्या खुणा मी पांढऱ्या शाईनं झाकल्या.

भाच्याचा घोटाळा सांगायचा राहिला. पहिल्या प्रूफाच्या वेळी अनुस्वार एकेक काढायचा कंटाळा म्हणून त्यानं संगणकाला एकच आज्ञा दिली होती: मात्रेवर जिथं टिंब असेल तिथलं टिंब काढ, सगळीकडं, एका दमात. 'तेणें'चं 'तेणे' झालं, ठीक. पण गणपतीच्या आरतीत 'उटी शेदुराची' झाली. शेंदुराचं टिंब उच्चारातलं आहे, हे संगणकाला कोण सांगणार? "मामा, तुम्हीच म्हणाले होते सगळे काढ," तो म्हणाला. म्हणालो होतो खरा. मग पुन्हा मूळ प्रतीवरून टिंबं घालताना एक माणूस वाचतो, दुसरा पडद्यावर पाहतो, असं दोन दिवस बसलो. वाचणाऱ्यानं टिंबसुद्धा मोठ्यानं म्हणायचं: "द्वारी, रीवर टिंब." असं वाचताना अर्थाकडं लक्ष जाऊ द्यायचं नाही, कारण अर्थ कळला की तोंड आपोआप आजचं रूप वाचतं.

तिसरं प्रूफ मंदिरात गाऊनच पास केलं. बुवा एकदाही थांबले नाहीत. फाइल छापखान्यात गेली आणि सप्ताहाच्या चार दिवस आधी पुस्तकांचे गठ्ठे आले. मी पहिलं पुस्तक उघडलं ते शेवटून. छापखान्यातल्या कुणा जाणत्या माणसानं जाता जाता एक चूक सुधारून दिली होती:

पंढरीच्या वाटंवर ठेवला म्या डोळा

पुन्हा छापायला ना पैसे होते ना दिवस. बुवा म्हणाले, पेनानं मारू. मंदिराच्या ओट्यावर सतरंजी टाकली, गठ्ठे सोडले, आणि मी, बुवा, भाचा आणि मृदंगवाला पोरगा, चौघं बसलो. 'ळा' वर आडवी रेघ, वर बारीक 'या'. माझ्या वाट्याला सव्वाशे प्रती आल्या. पोरांच्या वह्यांत हा शब्द मी तीस वर्षं उलट्या बाजूनं दुरुस्त करत आलो होतो. साठाव्या-सत्तराव्या प्रतीला हात सवयीनं फिरला आणि मी 'या' खोडून पुन्हा 'ळा' लिहिलं. बुवांनी पाहिलं. काही बोलले नाहीत, ती प्रत तेवढी स्वतःच्या झोळीत टाकली.